सरांना गोष्टीतून काढून पाहा

16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर निवृत्तीचं भाषण करायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात नावांचा कागद होता. कुणाचे आभार मानायचे राहू नयेत म्हणून तो त्याने आणला होता. रमाकांत आचरेकर सरांच्या वाट्याला त्या लांबलचक भाषणातली जेमतेम दोन मिनिटं आली, पण सरांचा त्याहून चांगला सत्कार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. अकरा-बारा वर्षांचा असताना आपण सरांच्या स्कूटरवर मागे बसून एका मैदानावरून दुसऱ्यावर जायचो, शिवाजी पार्कवरचा एक डाव संपला की आझाद मैदानावर दुसरा खेळायचो, असं त्याने सांगितलं. मग हसत हसत तो म्हणाला की, गेल्या एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘चांगला खेळलास’ असं म्हटलेलं नाही, कारण मुलगा शेफारेल अशी त्यांना भीती होती. आता माझ्या आयुष्यात एकही सामना उरलेला नाही, तेव्हा सरांनी म्हणायला हरकत नाही.

त्या दोन मिनिटांत ‘द्रोणाचार्य’ हा शब्द आला नाही. सरांना 1990 साली त्याच नावाचा पुरस्कार मिळाला होता, तरीही. शिल्पकार, दीपस्तंभ, परीस यांपैकीही काही आलं नाही. एक स्कूटर, दोन मैदानं आणि कधीच न उच्चारलेली शाबासकी एवढ्यावरच हा माणूस कसा होता ते सगळ्या स्टेडियमला कळलं.

आपल्याकडे क्रीडाशिक्षकांचे आणि प्रशिक्षकांचे सत्कार पुष्कळ होतात. कबड्डीचे सर निवृत्त होतात, खो-खो घेणाऱ्या बाईंना जिल्ह्याचा पुरस्कार मिळतो, आखाड्याच्या वस्तादांची पंचाहत्तरी असते. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मग गौरवपर भाषण. हे भाषण बहुतेक वेळा एखाद्या माजी खेळाडूच्या किंवा शाळेतल्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडतं. तो आदल्या रात्री सरांच्या खेळाडूंची यादी काढतो. इतके राज्य पातळीवर खेळले, इतके राष्ट्रीय स्पर्धेत, अमक्याला छत्रपती पुरस्कार, तमका रेल्वेत लागला. यादी खरी असते आणि ऐकणारे टाळ्याही वाजवतात. पण भाषण संपल्यावर सरांनी नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर सभागृहातल्या एकालाही सांगता येत नाही.

अडचण वक्त्याच्या वक्तृत्वात नाही, ती प्रशिक्षकाच्या कामातच आहे. खेळाडूचं काम धावफलकावर दिसतं. प्रशिक्षकाचं काम त्याच्या आधी कधीतरी, कुणी बघत नसताना झालेलं असतं आणि त्याची पदकं दुसऱ्यांच्या कपाटात असतात. म्हणून त्याची कामगिरी सांगायची तर गोष्टच सांगावी लागते, आणि ती निवडताना एक कसोटी लावावी. सरांना त्या गोष्टीतून काढून टाकायचं आणि ती पुन्हा वाचायची. तरीही ती तशीच उभी राहत असेल, तर ती खेळाडूची गोष्ट आहे. सत्काराच्या भाषणात तिचा उपयोग नाही.

आचरेकर सरांबद्दल बोलायला उभा राहणारा कुणीही 664 धावांच्या भागीदारीपासून सुरुवात करेल. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमकडून सचिन नाबाद 326 आणि विनोद कांबळी नाबाद 349. समोर सेंट झेवियर्स. तिसऱ्या विकेटसाठी अखंड 664 धावा, तेव्हाचा जागतिक विक्रम. आता कसोटी लावा. सरांना काढलं तरी धावा 664 च राहतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या शालेय क्रिकेटची ही सगळ्यात गाजलेली गोष्ट, आपण सांगतो त्या पद्धतीने सांगितली तर, सरांच्या सत्काराला निरुपयोगी आहे. ती दुसऱ्या बाजूने सांगितली तर मात्र तिच्याइतकी चांगली गोष्ट नाही. ते कसं, हे दाखवण्यासाठी मी भाषणाचे दोन तुकडेच लिहून पाहिले आहेत. प्रसंग 2010 सालचा समजा. सरांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. शिवाजी पार्कजवळच्या एखाद्या सभागृहात घरगुती सत्कार आहे, सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी बोलायला उठला आहे.

‘सर, तुमच्या एका विद्यार्थ्याच्या डब्याची गोष्ट सांगतो. शाळेच्या मोठ्या मुलांचा संघ वानखेडेवर हॅरिस शील्डची अंतिम लढत खेळत होता. हा मुलगा लहान मुलांच्या संघात होता. त्या दिवशी सरांनी त्याच्यासाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवून ठेवला होता. त्या संघाच्या कप्तानाशी सर आधीच बोलून आले होते: हा पोरगा चौथ्या क्रमांकावर येईल, त्याला क्षेत्ररक्षण करायची गरज नाही. मुलाने शाळा सुटल्यावर तिथे जायचं, फलंदाजी करायची, एवढंच. मुलगा गेला नाही. तो वानखेडेवर जाऊन आपल्या शाळेला ओरडून ओरडून प्रोत्साहन देत बसला. सामना संपल्यावर सर दिसले म्हणून नमस्कार करायला पुढे झाला. तो गेला नाही हे सरांना ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं, काय, कसा खेळलास? मुलाने खरं ते सांगितलं. त्यानंतर त्याच्या हातातला डबा लांब जाऊन पडला आणि आतलं सगळं जमिनीवर सांडलं. सर त्याला म्हणाले की, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला तुला इथे यायची गरज नाही, असा खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील. परवा फेब्रुवारीत ग्वाल्हेरला त्याने एकदिवसीय सामन्यात दोनशे केल्या, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही आम्ही सगळेच होतो.’

ही गोष्ट सचिननेच अनेक ठिकाणी सांगितली आहे आणि ऐकणाऱ्यांना तिच्यातलं ते शेवटचं वाक्य आवडतं. मला तिच्यातली मौल्यवान गोष्ट वाटते ती कप्तानाशी आधी झालेलं बोलणं. चौथा क्रमांक, क्षेत्ररक्षण नाही. या दोन तपशिलांत सरांची सगळी पद्धत आहे. जाळ्यातला सराव सरांना पुरेसा वाटत नसे. जाळ्यात बाद झालेला फलंदाज पुढचा चेंडू खेळायला उभाच असतो, सामन्यात बाद झालेला तंबूत परततो, आणि मुलाला धावा करायला शिकवायचं तर तो दुसरा अनुभव भरपूर मिळायला हवा. मुंबईतल्या मैदानांवर एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. एका मुलाला त्यातल्या एकात फलंदाजीपुरतं उभं करायचं, बाद झाला की स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, यासाठी अनोळखी संघांच्या कप्तानांना गाठावं लागतं, त्यांचं मन वळवावं लागतं, वेळा जुळवाव्या लागतात. स्टेट बँकेत नोकरी करून सर हे करत होते. दिवसभराचे सामने उरकल्यावर संध्याकाळी पुन्हा जाळ्यात सराव असायचा आणि सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, कुणालाच जमलं नाही तर ते सचिनला. जाळ्यात बाद होण्याला काही किंमत नसते, ती त्या एका रुपयाने आणली. अशी मिळवलेली तेरा नाणी सचिनने आजही जपून ठेवली आहेत.

तेव्हा भाषणात डबा सांडण्यापेक्षा कप्तानाशी बोलण्याच्या वाक्यावर थांबावं. डबा लोकांच्या लक्षात राहीलच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

इथे एका प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. डबा उडाला तो सरांनी मारलेल्या थपडेने. सचिन ती गोष्ट कृतज्ञतेने सांगतो आणि ज्याच्या गालावर ती बसली त्याला तो अधिकार आहे. पण सत्काराला समोर आज खेळणारी मुलं बसलेली असतात, त्यांचे आजचे प्रशिक्षकही असतात. ‘मार खाल्ला म्हणून मोठा झाला’ असं वाक्य मंचावरून गेलं की ते दुसऱ्या दिवशी मैदानावर वापरलं जातं. शिक्षण हक्क कायद्याने 2010 सालापासून विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. वर लिहिलेल्या तुकड्यात मी थप्पड शब्दाने आणली नाही, डबा पडल्याचं सांगितलं. हे लपवणं नव्हे, कारण ऐकणाऱ्याला काय झालं ते कळतं. पण गौरव कशाचा, हे वक्त्याने ठरवायचं असतं. मी तो सामना ठरवण्याच्या खटपटीचा आणि मुलावरच्या अपेक्षेचा करेन, हाताचा करणार नाही.

पहिली गोष्ट जगाला माहीत असलेल्या खेळाडूची झाली तर दुसरी त्याच जातीची घेऊ नये. सचिननंतर दुसऱ्या कुणाच्या शतकाची गोष्ट आली की भाषण यादीकडे घसरतं. शिवाय सभागृहात बसलेल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांना वाटू लागतं की, सरांच्या लेखी आपण नव्हतोच. प्रत्येक प्रशिक्षकाच्या हाताखालून गेलेल्या शंभरांतले नव्वद देशाकडून खेळत नाहीत. त्यांच्यातला एक दुसऱ्या गोष्टीत हवा. 664 धावांच्या सामन्यात असा एक मुलगा होता. दुसरा तुकडा त्याचा:

‘आता आझाद मैदानावरचा तो सामना. पण आपण खेळपट्टीवर जायचं नाही, तंबूत बसायचं. तिथे पाचव्या क्रमांकावर खेळायला येणारा अमोल मुजुमदार पॅड बांधून बसला आहे. वय तेरा वर्षं. दुसरी विकेट पडली तेव्हा त्याने पॅड बांधले. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा पॅड बांधले. सर मैदानावर नव्हते, पण डाव घोषित करा असा त्यांचा निरोप येऊन पोचला होता. सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून हातवारे करत होते आणि आतली दोन पोरं तिकडे बघतच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सरांशी फोनवर बोलणं झालं. विनोद 349 वर होता. त्याने विनवलं, सर, एक धाव, साडेतीनशे होतील. सर म्हणाले, घोषित कर. 748 धावांना 2 बाद, डाव घोषित. साडेतीनशे झाल्या नाहीत आणि अमोलला फलंदाजीही मिळाली नाही. मग शारदाश्रमने झेवियर्सला 145 मध्ये गुंडाळलं आणि त्यातले सहा बळी विनोदनेच घेतले. ज्या मुलाला एक धाव नाकारली होती, त्याला सरांनी चेंडू हातात घ्यायला लावलं. आणि जो मुलगा पॅड बांधून बसून राहिला, त्याने सहा वर्षांनी मुंबईकडून रणजीच्या पहिल्याच सामन्यात, फरीदाबादला हरियाणाविरुद्ध, 260 धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात तोवर जगात कुणी तेवढ्या केल्या नव्हत्या. भारताची टोपी त्याला मिळाली नाही. 2007 मध्ये मुंबईने रणजी करंडक जिंकला तेव्हा कप्तान तोच होता. सर, तुमच्या शाळेत थांबायलाही शिकवलं जात होतं.’

सरांना या गोष्टीतून काढून पाहा. डाव घोषित होत नाही, विनोदच्या साडेतीनशे होतात, कदाचित चारशेही. झेवियर्सला बाद करायला वेळ उरतो की नाही कुणास ठाऊक. गोष्ट कोसळते. म्हणजे ती सरांची आहे.

हा तुकडा मी वाचून पाहिला तेव्हा त्यातलं एक वाक्य मला खटकलं आणि ते मी काढून टाकेन: सरांनी विनोदला चेंडू हातात घ्यायला लावलं, हे. विनोदने सहा बळी घेतले हे खरं. सरांनी त्याला गोलंदाजी करायला सांगितलं, असं कुठेही नोंदलेलं नाही. सर मैदानावर नव्हते आणि कप्तान सचिन होता. गोष्ट गोल व्हावी म्हणून असं एखादं वाक्य हातून सहज लिहिलं जातं, आणि सत्काराच्या भाषणात नेमकं तेच घातक ठरतं, कारण त्या प्रसंगाचे साक्षीदार समोर बसलेले असतात. त्यांच्यातला एकजण शेजाऱ्याला ‘असं काही झालं नव्हतं’ म्हणाला की बाकीचं खरंही संशयास्पद होतं. भाषणाचा मसुदा ज्याच्याबद्दल आहे त्या खेळाडूला आधी फोनवर वाचून दाखवावा. यात कमीपणा नाही, आणि बहुतेक वेळा तो एखादा नवा तपशीलही देतो.

साक्षीदारांची आणखी एक बाजू असते. त्या सामन्यात झेवियर्सच्या गोलंदाजांमध्ये साईराज बहुतुले होता, जो पुढे मुंबईचा आणि भारताचाही लेगस्पिनर झाला. अशा सत्काराला तोही आलेला असू शकतो. प्रतिस्पर्ध्याची फजिती रंगवून सांगण्याचा मोह आवरावा. ती मुलंही चौदा-पंधरा वर्षांचीच होती, दीड दिवस उन्हात चेंडूमागे धावत होती, आणि तरीही सामना सोडून गेली नाहीत.

अमोल मुजुमदारच्या गोष्टीला पुढे जे वळण मिळालं ते 2010 च्या त्या कल्पित भाषणात येऊ शकत नव्हतं. तो प्रशिक्षक झाला, 2023 साली भारताच्या महिला संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आचरेकर सर 2 जानेवारी 2019 रोजी गेले, त्यांनी हे पाहिलं नाही. आज सरांवर बोलणाऱ्याने ही ओळ जरूर घ्यावी, पण त्या विश्वचषकाचं श्रेय सरांच्या खात्यावर टाकू नये. ते श्रेय त्या मुलींचं आणि मुजुमदारचं आहे. सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने, चंद्रकांत पंडितने, विदर्भाला आणि मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी करंडक मिळवून दिला. हेही नुसतं सांगावं आणि पुढे जावं. एका प्रशिक्षकाच्या हाताखालून प्रशिक्षक तयार झाले एवढं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

सरांबद्दलची एक गोष्ट मात्र अशा भाषणांतून गाळली जाते आणि मला ती गाळू नये असं वाटतं. मालवणच्या या माणसाच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. तो स्टेट बँकेकडून हैदराबादला मोईन-उद्-दौला स्पर्धेत खेळला गेला. सत्कारमूर्तींची स्वतःची खेळातली कारकीर्द लहान असेल तर वक्ते ती फुगवून सांगतात किंवा तिच्यावर पांघरूण घालतात. ती एका वाक्यात, जशी आहे तशी सांगावी. जो स्वतः एकच सामना खेळला त्याने एका मुलाला दिवसातून दोन-दोन सामने मिळावेत म्हणून मुंबईभर स्कूटर पळवली, हे त्या एका वाक्यामुळे वेगळंच ऐकू येतं.

तुमच्या गावातल्या सरांवर सचिनसारखा कुणी बोललेला नसेल. गोष्टी तुम्हालाच गोळा कराव्या लागतील. माजी खेळाडूंना फोन करून ‘सर कसे होते?’ असं विचारलं तर ‘फार कडक, पण मनाने फार चांगले’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते सगळ्या सरांना लागू पडतं. त्याऐवजी ‘सरांनी तुम्हाला कधी अडवलं?’ असं विचारा. ‘तुमच्यासाठी ते कुणाशी जाऊन बोलले?’ असं विचारा. आणि कुठलाही प्रसंग ऐकताना एक प्रश्न हमखास टाका: ‘त्या वेळी सर कुठे उभे होते?’ अजित तेंडुलकर धाकट्या भावाला पहिल्यांदा शिवाजी पार्कवर घेऊन गेला तेव्हा सरांसमोर सचिनला नीट खेळताच येईना. अजितने सरांना विनंती केली की, तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून पाहा. सर झाडामागे जाऊन उभे राहिले. नामवंत प्रशिक्षकाने एका अनोळखी तरुणाचं ऐकून झाडामागे उभं राहणं, ही त्या प्रसंगातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि ती केवळ सर कुठे उभे होते हे विचारल्यावरच हाती लागते.

अशा दोन गोष्टी सांगायला मिळून सात-आठ मिनिटं लागतात. मंचावर आपण मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, म्हणजे लिहिलेला मजकूर सात-आठशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये. पुरस्कारांची आणि खेळाडूंची यादी मानपत्रात असतेच, ती तिथेच राहू द्यावी आणि सूत्रसंचालकाला भाषणाआधी वाचायला सांगावी. भाषणाची सुरुवात थेट पहिल्या गोष्टीच्या जागेपासून करावी: मैदान, वर्ष, मुलाचं वय. मान्यवरांची नावं प्रास्ताविकात येऊन गेलेली असतात. बोलताना दुसऱ्या गोष्टीतल्या खेळाडूकडे न बघता सत्कारमूर्तींकडे बघावं. ती गोष्ट संपली की तिथेच थांबावं, आणि त्या दोन खेळाडूंपैकी जो सभागृहात असेल त्याला शाल पांघरायला वर बोलवावं.